फीच्या हप्त्यांचा अर्ज

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खासगी शाळांच्या कार्यालयाबाहेर एक रांग लागते. नवीन प्रवेशवाले, दाखला नेणारे, बसच्या मार्गाची चौकशी करणारे, आणि त्यांच्यात कोपऱ्यात उभे राहिलेले एखाद-दुसरे आई-बाबा. त्यांना मुख्याध्यापकांना भेटायचं असतं. काम काय, असं शिपायाने विचारलं की ते "जरा पर्सनल आहे" म्हणतात. बहुतेक वेळा ते काम फीचं असतं. एकरकमी किंवा सत्राची पूर्ण रक्कम भरणं जमणार नाही, हप्ते पाडून मिळतील का, एवढंच विचारायचं असतं. पण ते विचारताना माणूस एकतर फार बोलतो किंवा काहीच बोलत नाही, आणि दोन्हीत काम अडतं.

अनुदानित शाळेत हा प्रश्न सहसा एवढा मोठा नसतो, कारण तिथे पालकांच्या खिशातून जाणारी रक्कमच लहान असते. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या, वर्षाची फी घरातल्या एका माणसाच्या दोन-तीन पगारांएवढी होते. घर नीट चाललेलं असतं तेव्हा ती भरली जाते. एखादं आजारपण, बंद पडलेलं युनिट, दोन महिने थकलेलं बिल, यांपैकी काहीही मध्ये आलं की जूनचा आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

या अर्जाबद्दल एक गोष्ट पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपण जिच्यासमोर बसतो ती व्यक्ती निर्णय घेणारी असतेच असं नाही. पुष्कळ संस्थांमध्ये मुख्याध्यापकांच्या हातात शिक्षणाचा कारभार असतो आणि पैशाचा कारभार संस्थेच्या सचिवांकडे किंवा अकाउंट्स विभागाकडे. मॅडम आपलं ऐकून घेतात, मान डोलावतात, "अर्ज देऊन ठेवा" म्हणतात, आणि तो कागद पुढे जातो. पुढे ज्याच्या टेबलावर तो पडतो त्याने आपला चेहरा पाहिलेला नसतो, आपला गहिवर ऐकलेला नसतो. त्याला फक्त कागद दिसतो. म्हणून अर्ज असा हवा की तो आपल्याशिवायही बोलेल: कोणाची फी, किती, आज किती भरताय, उरलेली कोणत्या तारखांना, आणि शेवटचा रुपया कधी येईल. परिस्थिती त्या आकड्यांना कारण म्हणून येते. कारणच तीन पानांचं आणि आकडा एकही नाही, अशा अर्जावर सचिव काय लिहिणार? "पालकांनी कार्यालयास भेटावे." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

शाळेची बाजूही समजून घेतलेली बरी. विनाअनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार फीतूनच निघतात आणि ते दर महिन्याला निघावे लागतात. हप्ते मागणाऱ्या पालकाबद्दल संस्थेला दोन धास्ती असतात. एक म्हणजे वर्ष संपेल, मूल दुसऱ्या शाळेत जाईल आणि बाकी तशीच राहील. दुसरी, एकाला दिलं की त्याच वर्गातले दहा जण येतील. पहिली धास्ती तारखा घातल्याने कमी होते, त्यातही शेवटचा हप्ता वार्षिक परीक्षेच्या बराच आधी संपत असेल तर जास्त. दुसरी कमी करायची तर मिळालेली सवलत वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर न टाकणं एवढं आपल्या हातात आहे.

आता एक घर धरू या. कल्पितच, पण अशी घरं भोसरीपासून सातपूरपर्यंत कुठेही सापडतील. वडील एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात मशीनवर. पगार हातात येतो 26,000, महिन्याच्या सात ते दहा तारखेदरम्यान. आई घरून डबे देते, त्यातून खर्च जाऊन 9,000 उरतात. मुलगी सातवीत, वर्षाची फी 42,000. शाळेचा नियम असा की 21,000 जूनअखेर आणि 21,000 नोव्हेंबरात. एप्रिलमध्ये वडिलांचं मनगट मोडलं. एप्रिल आणि मे हे दोन महिने बिनपगारी गेले, वर प्लास्टर, एक्स-रे, औषधं. फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. एक जूनपासून ते पुन्हा कामावर आहेत, म्हणजे पहिला पूर्ण पगार दहा जुलैपर्यंत येणार.

अर्ज लिहिण्याआधी या घराने कागदावर एक हिशोब मांडायला हवा, जो शाळेला दाखवायचा नाही. महिन्याची आवक 35,000. घरभाडं 8,500. किराणा, गॅस, वीज मिळून 12,500. दुचाकीचा हप्ता 2,800. हाताचे व्यायाम आणि औषधं 2,000. येणं-जाणं, फोन 2,200. बेरीज 28,000. उरले 7,000.

इथे मोह होतो. सात हजार उरतात, तर सात हजारांचे हप्ते सांगू, पाच महिन्यांत संपेल, मॅडमनाही बरं वाटेल. पण सप्टेंबरात गणपती येतात, कुणाचं तरी लग्न निघतं, पावसाळ्यात घरात एक ताप येतोच. सात हजार हा सगळं सुरळीत चाललेल्या महिन्याचा उरलेला आकडा आहे, आणि असे महिने सलग पाच येत नाहीत. तिसराच हप्ता चुकला तर पहिल्या दोन हप्त्यांनी मिळवलेला विश्वास जातो, आणि पुढच्या वेळी मॅडमना सचिवांकडे आपली बाजू घेणं अवघड होतं. त्यापेक्षा महिना 5,000 सांगावेत आणि 2,000 हाताशी ठेवावेत. दिवाळीचा बोनस या हिशोबात धरूच नये. आला तर एखादा हप्ता लवकर भरता येईल, आणि ठरल्यापेक्षा लवकर भरलेला हप्ता अकाउंट्सवाल्यांच्या चांगलाच लक्षात राहतो.

मग गणित असं बसतं. कुणाकडून उसने आणून, डब्यांची आगाऊ रक्कम घेऊन, कसेही करून अर्जासोबत 7,000 भरायचे. राहिले 35,000. जुलै ते जानेवारी, सात महिने, दर महिन्याला 5,000. तारीख पंधरा, कारण पगार दहापर्यंत येतो आणि पाच दिवस हाताशी राहतात. पगाराच्या तारखेलाच हप्त्याची तारीख घातली की कारखान्याने दोन दिवस उशीर केला तरी आपण खोटे पडतो. पंधरा जानेवारीला सगळं संपतं, वार्षिक परीक्षेच्या खूप आधी. सुरुवातीच्या सात हजारांचं महत्त्व त्या आकड्यापेक्षा मोठं आहे. रिकाम्या हाताने मागितलेली मुदत आणि काहीतरी भरून मागितलेली मुदत यांत संस्था फार फरक करते, आणि मला तो फरक रास्त वाटतो.

या घरातल्या आईने लिहिलेला अर्ज साधारण असा असेल:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय: इयत्ता 7 वी ‘ब’मधील विद्यार्थिनीची चालू वर्षाची फी हप्त्यांनी भरण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

माझी मुलगी (नाव, जनरल रजिस्टर क्रमांक) आपल्या शाळेत इयत्ता 7 वी ‘ब’मध्ये शिकत आहे. मागील सर्व वर्षांची फी आम्ही पूर्ण भरलेली आहे.

माझ्या पतींच्या हाताला एप्रिलमध्ये दुखापत झाल्याने ते दोन महिने कामावर जाऊ शकले नाहीत. 1 जूनपासून ते पुन्हा कामावर रुजू झाले आहेत. या कारणाने जूनअखेरची रक्कम एकदम भरणे आम्हाला शक्य होत नाही.

चालू वर्षाची एकूण फी 42,000 रुपये आहे. त्यापैकी 7,000 रुपये या अर्जासोबत भरत आहे. उर्वरित 35,000 रुपये जुलै ते जानेवारी या सात महिन्यांत, प्रत्येक महिन्याच्या 15 तारखेपर्यंत 5,000 रुपयांप्रमाणे भरण्याची परवानगी द्यावी आणि या मुदतीत विलंब शुल्क आकारू नये, ही विनंती. आवश्यक वाटल्यास उपचारांची कागदपत्रे दाखवण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाईल क्रमांक, दिनांक)

या अर्जात परिस्थिती तीन वाक्यांत संपते. काय झालं, किती काळ चाललं, आणि आता काय स्थिती आहे. तिसरी बाब सगळ्यात मोलाची, कारण अडचण तात्पुरती आहे हे तीच सांगते, आणि हप्ते तात्पुरत्या अडचणीसाठीच दिले जातात. हाड कुठून मोडलं, दवाखान्याने किती लुटलं, दिराने मदत केली नाही, हे सगळं खरं असलं तरी इथे नको. ते लिहिल्यावर आपलं मन हलकं होतं, पण वाचणाऱ्याला मुद्दा शोधावा लागतो. शिवाय हा कागद फाइलला लागतो, आणि शाळेची फाइल किती जण चाळतात ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून दवाखान्याचे कागद जोडायचे नाहीत, ‘दाखवण्यास तयार आहे’ एवढंच लिहायचं. मागितले तर डिस्चार्ज कार्डाची प्रत पुरते.

आदराचं म्हणाल तर तो ‘महोदया’ आणि ‘विनंती’ यांत पुरेसा येतो. ‘आपणच आमचे मायबाप’, ‘मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे’, ‘पदर पसरते’ असली वाक्यं जुन्या अर्जांत असत आणि अजूनही झेरॉक्सच्या दुकानात बसलेला एखादा लिहून देतो. ती काढून टाकावीत. आपण फी माफ करा म्हणत नाही, पूर्ण रक्कम देणार आहोत, फक्त तारखा बदलून मागतो आहोत. उलट टोकाची चूक म्हणजे पहिल्याच अर्जात कायदा आणि शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव काढणं. त्याने समोरचा माणूस सावध होतो आणि सावध झालेला माणूस "नियमात बसत नाही" हे उत्तर सर्वात आधी शोधतो. आणि हो, शाळा इंग्रजी माध्यमाची आहे म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिण्याची गरज नाही. महाराष्ट्रातल्या शाळेत मराठी अर्ज वाचता येतो.

भेटायला जाताना कार्यालयात आधी फोन करून वेळ घ्यावी. सकाळी प्रार्थनेच्या वेळी आणि शाळा सुटताना मुख्याध्यापक कुणाच्याच हाती लागत नाहीत. आत गेल्यावर अर्ज पुढे ठेवून चार वाक्यं बोलावीत. "मॅडम, यांच्या हाताला एप्रिलमध्ये लागलं होतं, दोन महिने पगार नव्हता. आता कामावर जातात. सात हजार आज भरतेय, बाकीचे जानेवारीपर्यंत महिन्याला पाच-पाच. तारखा अर्जात लिहिल्यात." एवढं झाल्यावर थांबावं. पुढचा प्रश्न बहुधा "यापेक्षा लवकर नाही का होणार?" हाच असतो. त्याचं उत्तर घरी ठरवून जावं. मघाचा हिशोब मांडलेला असेल तर "डिसेंबरपर्यंत करते मॅडम" असं तोंडातून निसटत नाही. "बोनस मिळाला तर एखादा आधी भरेन, पण कबूल पाचच करते," हे उत्तर प्रामाणिक आहे आणि ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं. मुलीला या भेटीला नेऊ नये आणि अर्ज तिच्या दप्तरातून पाठवू नये. वर्गात फीची चिठ्ठी हातात घेऊन उभं राहणं काय असतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. याला पोच म्हणतात आणि ती मागण्यात काही उद्धटपणा नाही.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जास्त वेळा फसतो. मॅडम "हरकत नाही" म्हणतात, आई समाधानाने घरी येते, आणि एक जुलैला मोबाईलवर मेसेज येतो: 14,000 रुपये थकीत, विलंब शुल्क लागू. मॅडमनी शब्द फिरवलेला नसतो. फीचं सॉफ्टवेअर जुन्याच तारखांवर चालतं आणि अकाउंट्समधल्या कुणी त्यात नवे हप्ते घातलेले नसतात. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पहिल्या हप्त्याची पावती किंवा शाळेचं अॅप. त्यावर पुढची देय तारीख 15 ऑगस्ट आणि रक्कम 5,000 दिसते का ते पाहायचं. दिसत नसेल तर त्याच दिवशी अर्जाची पोच घेऊन अकाउंट्सच्या खिडकीशी जायचं. परवानगी लेखी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर आपणच शाळेच्या ईमेलवर दोन ओळी पाठवून ठेवाव्यात, की आज भेटीत ठरल्याप्रमाणे अमुक तारखांना अमुक रक्कम भरते आहे, आभारी आहे.

काही शाळा हप्त्यांच्या बदल्यात पुढच्या तारखांचे चेक मागतात. देताना विचार करावा. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर बँक दंड लावतेच, शिवाय पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्यावेच लागले तर पगारानंतर आठवडाभराच्या तारखेचे द्यावेत. आणखी एक प्रकार अलीकडे वाढला आहे. शाळा म्हणते, "ईएमआयची सोय आहे, या लिंकवर फॉर्म भरा." इथे शाळेला पूर्ण फी एखादी वित्तसंस्था देते आणि आपण त्या वित्तसंस्थेचे कर्जदार होतो. व्याज शून्य सांगितलं तरी प्रक्रिया शुल्क असू शकतं आणि हप्ता चुकला तर नोंद आपल्या क्रेडिट स्कोअरवर होते. अशा कर्जात सगळे खर्च एकत्र दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक केलं आहे. ते मागून वाचावं. शाळेने स्वतः दिलेली मुदत आणि हे कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्याचा आधार किती, हेही पाहू. महाराष्ट्राचा 2011 चा शुल्क विनियमन कायदा मुख्यतः फी किती आणि ती कोणी ठरवायची याबद्दल आहे. शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते. त्यामुळे अर्ज करण्याआधी आपल्याकडून मागितलेली रक्कम मान्य झालेल्या फीएवढीच आहे ना, हे विचारायला हरकत नाही. हप्त्यांच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, 3 मे 2021 चा. तो राजस्थानातल्या शाळांच्या कोविडकाळातल्या फीबद्दल होता. न्यायालयाने 2020-21 ची फी 15 टक्के कमी करून सहा समान मासिक हप्त्यांत घ्यायला सांगितलं. तेवढंही न जमणाऱ्या पालकाने शाळेकडे वेगळं निवेदन द्यावं आणि शाळेने ते प्रकरणागणिक सहानुभूतीने पाहावं, असंही सांगितलं. फी थकली म्हणून मुलाला वर्गात बसू न देणं किंवा निकाल अडवणं यालाही मनाई केली; दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी पालकांचं हमीपत्र घेऊन नाव पाठवावं, असा मार्ग दिला. महाराष्ट्र सरकारनेही ऑगस्ट 2021 मध्ये 15 टक्के फीकपातीचा निर्णय काढला. हे सगळं त्या काळापुरतं होतं, दरवर्षी लागू होणारा हा हुकूम नाही. पण त्यातली पद्धत, म्हणजे पालकाचं स्वतंत्र निवेदन, हमीपत्र आणि ठरलेल्या तारखा, आजही शाळांना ओळखीची आहे. आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई करतं, ते कायमचं आहे. फीवरून वर्गात मुलाचं नाव घेऊन उभं केलं जात असेल तर ते मुख्याध्यापकांच्या कानावर शांतपणे पण स्पष्ट घालावं.

उत्तर नकाराचं आलं तर "मग किती हप्ते चालतील?" हा प्रश्न तिथल्या तिथे विचारावा. पुष्कळदा सातला नकार असतो, चारला नसतो. चार हप्त्यांत आपलं गणित बसत नसेल तर होकार देऊ नये, कार्यकारी समितीतल्या पालक प्रतिनिधीमार्फत पुन्हा अर्ज द्यावा.

आणि हप्ता चुकणारच असेल तर? पंधरा तारखेच्या तीन-चार दिवस आधी अकाउंट्सला कळवावं आणि जमेल ते, दोन हजार का होईना, भरून यावं. सोळा तारखेला शाळेचा फोन आल्यावर सांगितलेलं तेच कारण सबब वाटतं.

एका परिस्थितीत मात्र हा अर्ज करूच नये, असं माझं मत आहे. नोकरी कायमची गेली आहे, धंदा पुन्हा उभा राहणार नाही, दर महिन्याला हातात काही उरतच नाही. तिथे हप्ते म्हणजे तेच ओझं सात भागांत. अशा वेळी सवलत किंवा शिष्यवृत्ती मागावी, नाहीतर जवळच्या अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत प्रवेश घ्यावा, आणि तो जूनमध्येच घ्यावा. डिसेंबरपर्यंत ओढत नेलं की थकबाकीही वाढते, दाखल्यावरून वादही होतो आणि मुलाचं वर्ष मधूनच तुटतं. हा निर्णय कडू आहे, पण सहा महिने उशिरा घेतला की तो अधिक कडू होतो.

ज्यांचा अर्ज मंजूर झाला त्यांनी पंधरा जानेवारीला शेवटचा हप्ता भरताना ‘चालू वर्षाची बाकी शून्य’ असं लिहिलेली पावती मागून घ्यावी आणि ती जूनच्या अर्जाच्या पोचपावतीला टाचून ठेवावी. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदललेले असतील, अकाउंट्समध्ये नवा माणूस आलेला असेल. पुन्हा कधी मुदत मागायची वेळ आली तर मागच्या वेळचे सातही हप्ते तारखेला भरले होते हे सांगणारा कागद तेवढाच असेल.